भिंतीला कोणी घासलं?

एका पाकिटातला शेवटचा उरलेला लाल फुगा होता, तो मी फुगवला, माझ्याच डोक्यावर पंधरा-वीस वेळा घासला आणि भिंतीला लावून हात काढून घेतला. फुगा तिथेच राहिला. माझी भाची, वय वर्षं सात, आधी फुग्याकडे बघत राहिली, मग माझ्या केसांकडे, कारण ते सगळे उभे राहिले होते आणि मी म्हणे झाडूसारखी दिसत होते.

"मावशी, तो पडत का नाहीये?"

आता असा प्रश्न आला की माझ्यातली जुनी हुशार विद्यार्थिनी लगेच जागी होते. मी म्हटलं, अगं सोप्पं आहे, घासल्यामुळे फुग्यावर मायनस चार्ज आला, भिंतीवर प्लस चार्ज असतो, प्लस आणि मायनस एकमेकांना ओढतात, झालं. ती गप्प बसली, मला वाटलं पटलं. दोन मिनिटांनी ती भिंतीला हात लावून परत आली आणि म्हणाली, "पण भिंतीला कोणी घासलं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण खरंच, कोणीच नाही घासलं. फुग्याला चार्ज मिळाला तो केसांवर घासल्यामुळे, हे जर माझं म्हणणं असेल तर भिंतीवर प्लस चार्ज फुकटात कुठून आला? मी हे वाक्य शाळेपासून आत्तापर्यंत किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे, आणि ते चक्क चुकीचं आहे. भिंतीवर तसा काही चार्ज नसतो. मग फुगा चिकटतो कशाला, हे शोधताना माझे पुढचे तीन-चार दिवस गेले, आणि घरात सगळीकडे चिकटपट्टीचे तुकडे लटकले, त्याचीच ही गोष्ट.

आधी निदान फुग्यापुरतं तरी नीट बोलू. प्रत्येक वस्तूत प्लस आणि मायनस दोन्ही असतात, प्रचंड प्रमाणात असतात, पण बरोब्बर सारखे असतात म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. अणूच्या मध्यभागी प्लस, ते जड आणि जागचं न हलणारं, आणि भोवती इलेक्ट्रॉन, ते मायनस आणि हलके. रबराचा फुगा केसांना टेकला की काही मायनस चार्ज केसांकडून फुग्यावर जातो. घासल्याने चार्ज "तयार" होत नाही, हे मी आधी नेहमी गोंधळून सांगायचे. तो फक्त या खिशातून त्या खिशात जातो. फुग्यावर जेवढा मायनस वाढला तेवढाच केसांवर प्लस उरतो, आणि केस उभे का राहतात तर प्रत्येक केस प्लस झालाय आणि प्रत्येक केसाला शेजारचा केस नकोसा झालाय.

खरं तर घासायचीही गरज नसते, नुसता स्पर्श होऊन दोन वस्तू लांब झाल्या तरी चार्ज इकडचा तिकडे होतो. पण आपल्याला गुळगुळीत वाटणारे पृष्ठभागही बारकाईने बघितलं तर खडबडीत असतात, एकमेकांना मोजक्याच टोकांवर टेकतात, घासल्यावर नवी नवी टोकं टेकत जातात आणि चार्ज साठत जातो. बस, घासण्याचं काम एवढंच.

आणि मग तो फुग्यावर राहतो कारण रबर विजेचा वाहक नाही. तारेत इलेक्ट्रॉन धावतात, रबरावर ते जिथे पडले तिथेच पडून राहतात. "स्थिर विद्युत" या नावातलं स्थिर म्हणजे हेच, चार्ज जागच्या जागी बसलाय. याची परीक्षा अगदी सोपी आहे. फुग्याची फक्त एक बाजू घासा, त्या बाजूवर पेनाने खूण करा, आणि दुसरी बाजू भिंतीला लावा. माझा फुगा दोन वेळा सरळ खाली घसरला आणि तिसऱ्या वेळी त्याने गंमत केली, हात सोडल्यावर हळूच गिरकी घेतली, खुणेची बाजू भिंतीकडे वळवली आणि मग चिकटला. भाची म्हणाली त्याला माहितीये कुठे घासलंय ते. मी म्हटलं हो, अगदी बरोबर.

किती इलेक्ट्रॉन जात असतील? चांगल्या घासलेल्या फुग्यावर दर चौरस सेंटीमीटरला साधारण 600 कोटी जादा इलेक्ट्रॉन असू शकतात. आकडा ऐकून गरगरायला होतं, पण तेवढ्याच जागेत पृष्ठभागावरचे अणू मोजले तर एकावर पंधरा शून्यं एवढे भरतात, म्हणजे दर दीड-एक लाख अणूंमागे फक्त एक इलेक्ट्रॉन जास्तीचा. एवढ्याशा असमतोलावर अख्खा फुगा लटकतो. हे वाचल्यावर मला विजेच्या ताकदीचा पहिल्यांदा जरा अंदाज आला.

बरं, आता भिंत.

भिंतीवर चार्ज आहे की नाही हे बघायचं कसं? माझी पहिली आयडिया अशी होती की चार्ज असलेलं काहीतरी भिंतीजवळ न्यायचं, ओढलं गेलं तर भिंतीवर चार्ज आहे. पण तो तर फुग्यानेच केलेला प्रयोग झाला ना, आणि प्रश्नही तोच उरतो. मग एका ओळखीच्या फिजिक्सच्या सरांना फोन केला. ते मुद्द्याचं तेवढंच बोलणारे, म्हणाले, "ओढणं हा पुरावा धरू नकोस. ढकलणं हा पुरावा." आणि चिकटपट्टीचा प्रयोग सांगितला. तो इथे नीट लिहिते कारण याला खर्च जवळपास शून्य आहे आणि मला तरी इतका नितळ प्रयोग दुसरा माहीत नाही.

नेहमीची पारदर्शक चिकटपट्टी घ्यायची. आधी एक पट्टी टेबलावर चिकटवून टाकायची, ती तिथेच राहणार, ती नुसती बैठक. तिच्यावर साधारण वीतभर लांबीची दुसरी पट्टी चिकटवायची, टोक थोडं दुमडून ठेवायचं म्हणजे धरायला येतं, आणि त्या दुमडलेल्या टोकावर पेनाने "खा" लिहायचं, खालची म्हणून. तिच्यावर तशीच तिसरी, तिच्यावर "व", वरची म्हणून. आता खा आणि व दोघी एकत्र, हळूहळू, बैठकीवरून उचलायच्या. या जोडीवर आधीचा काही चार्ज असू शकतो म्हणून गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवायचं, दोन-चार वेळा, आणि जोडी हाताकडे ओढली जात नाही अशी झाली की तयार. मग दोन्ही टोकं दोन हातांत धरून सर्रकन वेगळ्या करायच्या.

झालं, एक प्लस आणि एक मायनस. कारण जोडी आधी जवळपास चार्जशिवाय होती, वेगळं होताना एकीने जे घेतलं तेच दुसरीने गमावलं. दोघी जवळ आणल्या की एकमेकींवर झेप घेतात. अशा दोन जोड्या केल्या आणि व समोर व धरली तर दोघी एकमेकींपासून लांब पळतात, खा समोर खा, तसंच. पहिल्यांदा त्या पळताना बघितल्या तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून "अय्या" म्हणाले, खोटं कशाला सांगू.

माझे पहिले दोन प्रयत्न फसले होते हेही सांगायला हवं. एकदा मी पट्ट्या इतक्या लांब कापल्या की त्या स्वतःलाच गुंडाळून बसल्या. दुसऱ्यांदा पट्टी भिंतीऐवजी माझ्याच मनगटाकडे गेली आणि तिथेच चिकटली, आणि मी चिडले. तेव्हा लक्षात आलं नाही, पण खरं उत्तर तिथेच लटकत होतं. माझ्या मनगटाला तरी कोणी घासलं होतं?

तर मग मुख्य भाग. व पट्टी टोकाला धरून लोंबती ठेवली आणि भिंतीजवळ नेली. भिंतीकडे झुकली. ठीक आहे. मग खा पट्टी नेली, जी व च्या बरोबर उलट चार्जची आहे. तीही भिंतीकडे झुकली.

इथे थांबून विचार केला तर माझं शाळेतलं वाक्य कोसळतं. भिंत प्लस असती तर प्लस पट्टीला तिने लांब ढकलायला हवं होतं. मायनस असती तर मायनस पट्टीला. ती दोघींनाही ओढते, म्हणजे भिंत कुठल्याच पक्षाची नाही. आणि फुगा नेला तर तो मात्र एका पट्टीला ओढतो आणि दुसरीला सरळ ढकलतो, म्हणजे फुगा नक्की चार्ज झालेला आहे. (कुठली पट्टी ढकलली जाईल ते तुमच्या चिकटपट्टीवर आहे, माझ्याकडे व होती, तुमच्याकडे खा असू शकेल, त्यावर भांडायला येऊ नका.) सरांचं वाक्य आता कळलं. ओढलं जायला एकच वस्तू चार्ज झालेली असली तरी पुरते. ढकललं जायला दोन्ही लागतात.

हे एवढंसं कळायला माणसाला बराच वेळ लागला आहे. घासलेला अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगडासारखा कडक झालेला खडा, गवताच्या काड्या उचलतो हे फार जुनं ज्ञान, आपल्याकडे अंबरला नावच तृणमणी आहे, तृण ओढणारा मणी. 1600 साली विल्यम गिल्बर्ट या इंग्लिश डॉक्टरने लोहचुंबकावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने अंबरची ओढ आणि चुंबकाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवून दिलं. काच, गंधक, लाख, अशा बऱ्याच वस्तू घासल्यावर ओढतात आणि चुंबकासारखं फक्त लोखंडच नाही तर जवळपास काहीही ओढतात. ग्रीक भाषेत अंबरला इलेक्ट्रॉन म्हणतात, त्यावरून त्याने या वस्तूंना नाव दिलं आणि आजचा सगळा इलेक्ट्रिसिटीचा शब्दसंसार तिथून आला. पण गिल्बर्टच्या लिखाणात सगळी ओढच आहे, ढकलणं नाही. चार्ज दोन प्रकारचा असतो हे फ्रान्समध्ये द्यु फे याने मांडलं ते 1733 साली, आणि ते मांडता आलं कारण त्याने नुसतं ओढणं न बघता ढकलणं बघितलं. म्हणजे मध्ये 130 वर्षं गेली. मला तीन-चार दिवस लागले, त्यामानाने बरं म्हणायचं.

आता, ज्याच्यावर चार्जच नाही ती भिंत ओढते कशी?

फुगा मायनस आहे. तो भिंतीजवळ आला की भिंतीतल्या प्रत्येक अणूतले इलेक्ट्रॉन, तेही मायनस, जरासे लांब ढकलले जातात, आणि अणूच्या मधलं प्लस जरासं फुग्याकडे ओढलं जातं. अणू सोडून कोणी पळत नाही, भिंत काही तांब्याची तार नाही. नुसतं सरकतात. किती सरकतात? अणूच्या रुंदीच्या एक लाखांशाच्या आसपास, ते सुद्धा फुग्यावर भरपूर चार्ज असेल तर. काही रेणू मुळातच एका टोकाला प्लस आणि दुसऱ्या टोकाला मायनस असतात, पाण्याचा असतो तसा, ते सरासरीने जरासे वळतातही, फुग्याकडे प्लस टोक करून.

इतक्या लहानशा सरकण्याने काय होणार असं मला वाटायचं. मग रांग आठवली. समजा पन्नास माणसांची रांग आहे आणि प्रत्येक जण अर्धं पाऊल मागे सरकला. रांगेच्या मधोमध उभं राहून बघितलं तर काहीच बदललेलं नाही, पुढचा माणूसही अर्धं पाऊल सरकला आणि मागचाही. पण रांगेच्या पुढच्या टोकाला अर्ध्या पावलाची मोकळी जागा उघडी पडली आणि मागच्या टोकाला रांग अर्धं पाऊल बाहेर आली. भिंतीत तसंच. आतमध्ये प्लस-मायनस एकमेकांना झाकतात, पण फुग्यासमोरच्या कातडीवर थोडं प्लस उघडं पडतं आणि तेवढंच मायनस पलीकडे, लांब, जाऊन साचतं. पुस्तकात याला ध्रुवीकरण म्हणतात.

आणि आता खरी मेख. भिंतीवरचं प्लस आणि मायनस मोजायला गेलं तर समसमानच आहे, एकूण बेरीज शून्य, पण प्लस फुग्याच्या जवळ आहे आणि मायनस लांब. विजेची ओढ अंतरावर जोरात अवलंबून असते, दोन बारक्या चार्जमधलं अंतर दुप्पट केलं की ओढ चौथाई होते, हे कूलॉम्ब नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 1785 साली तारेला पीळ देऊन मोजलं होतं. त्यामुळे जवळच्या प्लसची ओढ लांबच्या मायनसच्या ढकलण्यापेक्षा जास्त भरते. बेरीज शून्य असली तरी ओढ शून्य नाही. फुगा मायनसऐवजी प्लस असता तर भिंतीतले इलेक्ट्रॉन उलट त्याच्या दिशेने सरकले असते, जवळ मायनस आलं असतं, आणि तरीही ओढच झाली असती. म्हणून व आणि खा दोघी झुकल्या. म्हणून मनगटालाही चिकटली.

भाचीला मी हे असं सांगितलं की भिंत कोणाच्याच बाजूची नाही, पण जो पाहुणा येईल त्याच्याकडे त्याला आवडणारी बाजू करून उभी राहते. ती म्हणाली, "म्हणजे आजीसारखी." असेल.

इथे मला वाटलं विषय संपला. मग रात्री झोपताना एक शंका आली. भिंत फुग्याला ओढते ती कुठल्या दिशेने? भिंतीकडे, म्हणजे आडवं. आणि फुग्याचं वजन खेचतं खाली. आडवी ओढ कितीही असली तरी ती खाली पडण्याला थेट थांबवू शकत नाही ना! मग उठून बसले. फुगा वर धरून ठेवणारं काहीतरी तिसरंच आहे, आणि ते म्हणजे घर्षण. वीज फुग्याला भिंतीवर दाबून धरते, आणि दाबला गेल्यामुळे रबर आणि रंग यांच्यात घर्षण होतं, ते वजन पेलतं. आपण पुस्तक तळहाताने भिंतीवर दाबून धरतो तेव्हा हात आडवाच लावलेला असतो तसं. फुगा कसा चिकटतो हे सांगणारे बहुतेक लोक हा भाग गाळतात, मीही गाळायचे.

मग हिशोब करून बघितला, फार नाही, पाकिटाच्या मागे मावेल एवढाच. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर न फुगवलेला फुगा 3 ग्रॅम भरला. आत भरलेल्या हवेचं वजन असतं, पण बाहेरची हवा जवळपास तेवढंच उचलून धरते, म्हणून ते सोडून दिलं. आता ओढ किती असू शकते? याला वरची मर्यादा हवा घालते. पृष्ठभागावर चार्ज वाढत गेला की एका टप्प्यावर हवाच फुटते, बारीक ठिणग्या पडतात, अंधारात फुगा घासताना जो चटचट आवाज येतो तोच. सर्वसाधारण हवेत हा टप्पा दर सेंटीमीटरला सुमारे 30,000 व्होल्टवर येतो. (एवढे व्होल्ट असून शॉक बसत नाही कारण चार्ज अगदी नगण्य असतो.) या मर्यादेला विजेची ओढ होते दर चौरस मीटरला सुमारे 40 न्यूटन, म्हणजे आपल्या भाषेत दर 10 चौरस सेंटीमीटरला 4 ग्रॅम वजनाएवढी.

फुगा भिंतीला किती टेकतो ते बघायला मी तो खिडकीच्या काचेला चिकटवला आणि पलीकडून बघितलं. टेकलेला भाग चपटा गोल दिसतो, साडेतीन सेंटीमीटर रुंद, म्हणजे जेमतेम 10 चौरस सेंटीमीटर. नुसत्या तेवढ्यावर जास्तीत जास्त 4 ग्रॅम. तंगच. पण फुगा गोल असला तरी मोठा गोल आहे, टेकलेल्या भागाच्या भोवतीचं रबर लगेच लांब जात नाही, आणखी दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत फट काही मिलीमीटरचीच असते आणि तिथूनही ओढ लागते. ते सगळं धरून 50 चौरस सेंटीमीटर म्हटलं तर 20 ग्रॅम. भिंत धातूसारखी चार्ज मोकळा हलू देत नाही, म्हणून ओढ अर्ध्यावर आणली, 10 ग्रॅम. घर्षणाने दाबाच्या अर्धंच वजन पेललं तरी 5 ग्रॅम, आणि फुगा 3 चा. हिशोब जमतो, पण फार शिल्लक नाही हेही दिसतं.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. ओढ चार्जच्या वर्गावर जाते, कारण फुग्यावरचा चार्ज कमी झाला की भिंतीतलं सरकणंही तेवढंच कमी होतं, दोन्हीकडून मार बसतो. चार्ज निम्मा झाला की ओढ चौथाई. म्हणून फुगा तासन्‌तास मजेत बसतो आणि मग काही न सांगता निसटतो. आणखी एक, छताला फुगा चिकटवणं भिंतीपेक्षा अवघड असेल असं वाटतं ना? उलट आहे. छताला ओढ थेट वर असते, घर्षणाची मध्यस्थी नाही, ओढ वजनापेक्षा जास्त असली की बास. वरच्या हिशोबात भिंतीवर 3 ग्रॅमच्या फुग्याला 6 ग्रॅमचा दाब लागतो, छताला 3 ग्रॅमची ओढ पुरते. माझा फुगा भिंतीवरून पडायला लागल्यावर स्टुलावर चढून छताला लावला, राहिला. हे बघून मी स्वतःवर खूप खूश झाले.

भिंतीचा रंगही त्रास देतो. आमच्या एका भिंतीचा रंग हाताला पांढरा लागतो, तिथे फुगा कधीच टिकला नाही, पाच-सहा सेकंद हळूहळू खाली घसरायचा, भिंतीला न सोडता. म्हणजे ओढ होती, पण भुकटीवर घर्षण नव्हतं. यावरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज तरी येतो. फुगा भिंतीला चिकटून खाली सरकत असेल तर घर्षण कमी, फुगा भिंतीपासून सुटून पडत असेल तर चार्ज कमी.

आणि चार्ज कमी व्हायचं नेहमीचं कारण दमट हवा. ओलाव्यात सगळ्या पृष्ठभागांवर पाण्याचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर बसतो, त्यात मीठ-घाम-मळ थोडाफार विरघळलेला असतो, आणि त्या थरातून चार्ज हळूहळू वाहून जातो. हवा ओली असते म्हणून चार्ज हवेतून पळतो असं बरेच जण सांगतात, पण मुख्य गळती पृष्ठभागावरून असते. कोरड्या दुपारी माझा फुगा चार तासांवर टिकला, पाऊस पडून गेल्यावर दोन मिनिटंही नाही. तेलकट केसांवरही नाही जमत.

मग एक प्रश्न असा राहतो की इलेक्ट्रॉन केसांकडून फुग्याकडेच का जातात, उलटे का नाही. रबर मायनस घेतं, केस देतात, अशी वस्तूंची यादी 1757 साली विल्के नावाच्या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा केली आणि तशा याद्या आजही करतात, पण दोन याद्या एकमेकींशी पूर्ण जुळतील याची खात्री नाही, पृष्ठभाग धुतला, ओला झाला, ओरखडला तरी क्रम बदलतो. नक्की काय जातं, फक्त इलेक्ट्रॉन, की चार्ज असलेले अणू-रेणू, की पृष्ठभागाचे बारीक कणच उखडून जातात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. 2011 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की स्पर्शाने चार्ज झालेला पृष्ठभाग सगळा एकसारखा प्लस किंवा मायनस नसतो, त्यावर प्लस आणि मायनसचे अतिशय बारीक ठिपके शेजारी शेजारी असतात, आणि आपण ज्याला फुग्याचा चार्ज म्हणतो ती नुसती शिल्लक. आणि थोडं मटेरियलही एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं असतं. म्हणजे माझ्या डोक्यावरचं थोडंसं काहीतरी त्या फुग्यावर आहे. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फुगा जमिनीवर पडलेला होता, बराच मऊ झालेला. भाचीने उचलला आणि फिरवून बघितला. पेनाची खूण केली होती त्या बाजूला बारीक धूळ बसली होती, तळहाताएवढा करडा पट्टा, कडा वेड्यावाकड्या, आणि बाकी फुगा लालचुटुक स्वच्छ. जिथे जिथे घासलं होतं तिथेच. माझ्या हाताच्या फटकाऱ्यांचा तो नकाशाच होता, एका जागी तर घासणं राहून गेल्याचा स्वच्छ चट्टाही दिसत होता.

तिने त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि म्हणाली, "मावशी, धुळीला पण कोणी नव्हतं घासलं."